हिरवा ठिपका नेहमी आपलाच नसतो

आमच्या शेजारच्या आजींचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. दिवाळीच्या आधी त्याच्याकडून एक खोकं आलं. त्यात बिस्किटं, वेफर, रंगीत गोळ्या, काळ्या गोळ्या, असं बरंच काही. आजी ते खोकं घेऊन थेट माझ्याकडे आल्या. कारण त्यांचा धाकटा नातू सहा वर्षांचा आहे, आणि त्याला काजू, बदाम, अक्रोड यांतलं काहीही चालत नाही. दोन वर्षांपूर्वी काजूकतलीच्या एका तुकड्यानं त्याचे ओठ सुजले, श्वास लागला आणि रात्री त्याला इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तेव्हापासून कठीण कवचाची सगळी फळं वर्ज्य सांगितली आहेत. मी बरीच वर्षं जर्मन शिकवते आणि लेबलांचे अनुवादही करते, म्हणून आजी म्हणाल्या, "अगं, यातलं त्याला काय देऊ ते तेवढं सांग. बाकीचं आम्ही खाऊ. आणि या गोळ्या तर चालतीलच. हिरवा ठिपका आहे की यावर!"

मी ते पाकीट हातात घेतलं. ठिपका हिरवा होता खरा, पण तो आपला नव्हता.

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते खोकं जसं वाचलं, तसंच आज तुम्हालाही वाचून दाखवते. दुकानातून विकत घेतलेल्या परदेशी खाद्यपदार्थांवर आपल्या कायद्याप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी मजकूर असावा लागतो आणि शाकाहार-मांसाहाराची खूणही लागते. पण नातेवाइकांनी पाठवलेल्या किंवा बॅगेतून आणलेल्या पाकिटावर यातलं काही नसतं. तिथं जे छापलंय तेच वाचावं लागतं. जर्मन लिपी रोमनच असल्यानं अक्षरं ओळखू येतात, हाच आपला आधार. मी उच्चार सांगते, आणि जे शब्द शोधायलाच हवेत त्यांची अक्षरंही सांगते.

यादी कुठं सुरू होते?

पाकिटाच्या मागच्या बाजूला एक शब्द शोधायचा: 'त्सुटाटेन'. अक्षरं झेड, यू, टी, ए, टी, ई, एन. याचा अर्थ घटकपदार्थ. त्याच्यापुढे स्वल्पविराम देत देत जी यादी येते ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिला पदार्थ सर्वांत जास्त. मात्र दोन टक्क्यांहून कमी असलेले पदार्थ शेवटी कोणत्याही क्रमानं आले तरी चालतात.

आपल्याकडच्या पाकिटांवर गहू, दूध, सोया वगैरे आहे असं सांगणारी वेगळी ओळ यादीखाली असते. आपण सवयीनं तीच शोधतो. युरोपीय संघात तसं नाही. तिथला 2011 चा नियम 2014 च्या डिसेंबरपासून लागू झाला. त्यानुसार ॲलर्जी आणणारे चौदा पदार्थ ठरवलेले आहेत आणि त्यांची नावं यादीच्या आतच, इतर शब्दांपेक्षा उठून दिसतील अशी छापावी लागतात. बहुतेक कंपन्या ती ठळक टायपात छापतात, काही मोठ्या अक्षरांत, काही अधोरेखित करून. चौदांत गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोया, तीळ आहेत, तशी आपल्या फोडणीतली मोहरीसुद्धा आहे. म्हणून यादीखाली वेगळी चौकट नाही हे पाहून पाकीट निर्धोक समजू नका.

पहिलं पाकीट: बिस्किटं

वर फक्त चॉकलेट भरलेल्या बिस्किटाचं चित्र. नाव होतं नोगाट-बिस्किट. आजींना वाटलं, चॉकलेटचाच काही प्रकार. पण जर्मनीत नोगाट म्हणजे भाजलेल्या हेझलनटचा, साखरेचा आणि कोकोचा लगदा. मागची यादी अशी होती: वाइत्सेनमेल, त्सुकर, पामफेट, हासेलन्यूसे 8 टक्के, मोल्केनपुल्फर, कोको, लेसिथिन, सोडा, मीठ.

वाइत्सेनमेल म्हणजे गव्हाचं पीठ. त्यातला 'वाइत्सेन' एवढाच भाग ठळक होता, कारण गहू चौदांत आहे, 'पीठ' नाही. त्सुकर म्हणजे साखर, पामफेट म्हणजे पाम तेलाची चरबी. हे दोन्ही साध्या टायपात. चौथा शब्द पुन्हा ठळक: हासेलन्यूसे. शेवटचे 'न्यूसे' हे 'नुस' या शब्दाचं अनेकवचन. अक्षरं एन, यू, दोन वेळा एस, आणि अनेकवचनात यूवर दोन टिंबं. म्हणजे चित्रात हेझलनट नसलं तरी वजनानं चौथ्या क्रमांकावर तेच होतं. हे पाकीट नातवासाठी बाद झालं.

जर्मन भाषेत शब्द एकमेकांना चिकटून लांबलचक होतात, पण घाबरायचं नाही. शेवटचा तुकडा वस्तू कोणती ते सांगतो, आधीचा तुकडा ती कशाची ते सांगतो. आपणही शेंगदाणा तसाच म्हणतो: दाणा आहे, शेंगेतला. शेंगदाण्याला जर्मनमध्ये 'एर्डनुस' म्हणतात. 'एर्ड' म्हणजे माती, भुई. आपल्या भुईमुगात भुई आहे तीच. नियमाच्या दृष्टीनं शेंगदाणा हा चौदांतला वेगळा पदार्थ आणि कवचाची फळं वेगळी. त्यांना एकत्रित शब्द 'शालेनफ्रुख्टे'. त्यात बदाम, हेझलनट, अक्रोड, काजू, पिस्ता, पेकन, ब्राझील नट आणि मकाडेमिया असे आठ प्रकार येतात. नातवासाठी आम्ही हा शब्दही शोधायचा ठरवलं.

पण 'नुस' दिसलं की धोका, असं सूत्र केलंत तर दोन्हीकडून फसाल. मसाल्याच्या पाकिटावर 'मुस्काटनुस' दिसेल. ते जायफळ. 'कोकोसनुस' म्हणजे नारळ. हे दोन्ही चौदांत नाहीत, म्हणून ठळकही नसतात. उलट बदामाला 'मांडेल' म्हणतात, पिस्त्याला 'पिस्तात्सिए'. त्यांत 'नुस' नाहीच, पण ते ठळक असतात. म्हणून आधी ठळक शब्द पाहायचे आणि मग त्यांचा अर्थ लावायचा.

दुधाचंही तसंच. 'मिल्ख' हा शब्द सोपा आहे, अक्षरं एम, आय, एल, सी, एच. पण वरच्या यादीत 'मोल्केनपुल्फर' होतं, ती निवळीची म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्याची पूड. ते दूधच, म्हणून ठळक. याउलट 'काकाओबुटर'मध्ये बुटर आहे खरं, पण ती कोकोच्या बियांची चरबी, दुधाशी संबंध नाही. तो शब्द साधा छापलेला असतो.

दुसरं पाकीट: वेफर

या पाकिटाच्या यादीत गहू आणि दूध एवढंच ठळक होतं. आजींचा चेहरा खुलला. पण यादी संपल्यावर एक वाक्य होतं: 'कान श्पूरेन फॉन शालेनफ्रुख्टेन एन्थाल्टेन'. यातला लक्षात ठेवायचा शब्द 'श्पूरेन', अक्षरं एस, पी, यू, आर, ई, एन. त्याचा अर्थ अंश, खुणा. वाक्याचा अर्थ: यात कवचाच्या फळांचे अंश असू शकतात. त्याच कारखान्यात, कधी त्याच यंत्रावर, आधी हेझलनटचा माल निघालेला असतो. यंत्र पुसलं तरी थोडी पूड राहते. घटक म्हणून घातलेलं नाही, पण येऊ शकतं, हे ते वाक्य सांगतं.

दुसऱ्या कंपनीच्या वेफरवर मात्र हे वाक्यच नव्हतं. "मग हे तर देऊ ना?" आजींनी विचारलं. इथंच खरी मेख आहे. घटक म्हणून घातलेला पदार्थ लिहिणं बंधनकारक आहे. पण अंशांची सूचना छापणं कंपनीच्या मर्जीवर आहे. ती किती अंश असल्यावर छापायची याचंही बंधन नाही. त्यामुळे काही कंपन्या गरज नसतानाही ती छापून मोकळ्या होतात, आणि काही अंश असूनही छापत नाहीत. सूचना आहे याचा अर्थ सावध राहा. सूचना नाही याचा अर्थ अंश नाहीत असा होत नाही.

ज्याला शेंगदाण्यानं किंवा काजूनं फक्त पोटात थोडं बिघडतं, त्यानं काय करायचं ते त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. पण ज्याचा श्वास एकदा अडला आहे त्याच्यासाठी अंदाज बांधायचा नसतो. पाकिटावर जबाबदार कंपनीचं नाव आणि पत्ता असावाच लागतो. आजींच्या मुलानं तिथूनच विचारणा केली. चार दिवसांनी उत्तर आलं: त्याच यंत्रावर हेझलनट वेफरही बनतात. तेही पाकीट नातवाच्या वाट्यातून गेलं. लेबल कितीही नीट वाचलं तरी हे कळलं नसतं.

तिसरं पाकीट: हिरवा ठिपका

आता त्या रंगीत गोळ्या. त्यांच्यावरचा ठिपका म्हणजे एका वर्तुळात एकमेकांत गुंतलेले दोन बाण. याला जर्मनीत नावच मुळी 'ग्रुनर पुंक्ट', म्हणजे हिरवा ठिपका. पण तो पदार्थाविषयी काहीच सांगत नाही. त्या वेष्टनाच्या कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या व्यवस्थेत कंपनीनं पैसे भरले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मांसाच्या पाकिटावरही तो असू शकतो. आपला हिरवा ठिपका हिरव्या चौकटीत असतो आणि भरीव असतो. बाण दिसले की तो आपला नव्हे.

आम्ही यादी वाचली. ग्लुकोज, साखर, आणि पुढे 'श्पाइझेगेलाटिने'. 'श्पाइझे' म्हणजे खाण्याचं, आणि गेलाटिने म्हणजे जिलेटिन. ते जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. गोळ्यांत बहुधा डुकराच्या कातडीचं असतं. कोणत्या प्राण्याचं ते लिहायची सक्तीही नाही. आणखी पुढे रंग म्हणून 'कार्मिन', क्रमांक ई 120. तो लाल रंग एका किड्यापासून मिळतो.

पाहा, यांपैकी एकही शब्द ठळक नव्हता. कारण ठळक टाइप ॲलर्जीसाठी आहे, शाकाहारासाठी नाही. म्हणून शाकाहारी माणसानं तीच यादी दुसऱ्यांदा, सावकाश, साधे शब्द शोधत वाचायची: गेलाटिने, कार्मिन, 'श्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी, 'श्पेक' म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'रिंड' म्हणजे गाय-बैल, 'हून' म्हणजे कोंबडी.

दोन ठिकाणी लेबल आपल्याला उत्तर देतच नाही. चीज जमवायला वापरलेलं रेनेट वासराच्या पोटातलं की जंतूंपासून केलेलं, हे साध्या चीजवर लिहावं लागत नाही. आणि ई 471 हा तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ वनस्पतीपासूनही होतो, प्राण्यांच्या चरबीपासूनही. कोणता ते लिहिलेलं नसतं. ज्यांना खात्रीच हवी त्यांनी 'फेगान' हा शब्द शोधावा, त्यात प्राणिजन्य काही नसतं. नुसतं 'फेगेटारिश' असेल तर त्यात दूध आणि अंडंही असू शकतं, कारण तिथं अंडं शाकाहारात मोजतात.

अंड्यावरून आठवलं. अंड्याला जर्मनमध्ये 'आय' म्हणतात, अक्षरं दोनच, ई आणि आय. आजींना मी हे सांगितलं आणि त्यांनी लगेच पाकिटाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, "हे बघ, इथं अंडं आहे." शब्द होता 'आयवाइस', शब्दशः अंड्याचा पांढरा भाग. पण तो पोषणमूल्यांच्या कोष्टकात होता. तिथं त्याचा अर्थ प्रथिनं. जवळजवळ प्रत्येक पाकिटावर तो असतो, डाळीच्या पाकिटावरसुद्धा. खरं अंडं घटकांच्या यादीत असतं आणि ते ठळक असतं. म्हणून आधी आपण यादी वाचतोय की कोष्टक, ते पाहायचं. कोष्टकात ग्रॅमचे आकडे एकाखाली एक असतात, यादीत शब्द ओळीनं असतात.

काळ्या गोळ्या आणि आजोबा

काळ्या गोळ्या आजोबांना आवडल्या होत्या, दुपारपासून त्यांनी पाच-सहा संपवल्या होत्या. यादीत शब्द होता 'झ्यूसहोल्त्स'. झ्यूस म्हणजे गोड, होल्त्स म्हणजे लाकूड. गोड लाकूड म्हणजे आपलं ज्येष्ठमध! संस्कृतातही त्याला यष्टिमधु, गोड काठी, असंच म्हणतात. खोकल्याला आपण ज्येष्ठमधाची काडी चघळतो तोवर ठीक. पण त्यातलं गोड द्रव्य फार गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. म्हणून या द्रव्याचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या गोळ्यांवर युरोपात एक सूचना छापावीच लागते. त्यात 'ब्लुटड्रुक' हा शब्द असतो. ब्लुट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब. उच्च रक्तदाब असल्यास हा पदार्थ फार खाऊ नका, असा तिचा अर्थ. आजोबा रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांनी डबा निमूटपणे आजींच्या हातात दिला.

अशा सूचना यादीत नसतात, यादीच्या आजूबाजूला असतात, कधी तारखेजवळ. तारखांचेही दोन प्रकार आहेत. 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' म्हणजे या तारखेपर्यंत दर्जा उत्तम राहील. त्यानंतर पदार्थ मऊ पडेल, चव उतरेल. 'त्सु फरब्राउखेन बिस' म्हणजे या तारखेपर्यंतच वापरा. ही दुसरी तारीख मासे, मांस अशा लवकर नासणाऱ्या पदार्थांवर असते आणि ती उलटली की पदार्थ टाकायचाच, वास येवो वा न येवो.

त्या दिवशी आजींनी बिस्किटं स्टीलच्या डब्यात भरली आणि पाकिटं केरात टाकायला निघाल्या. मी ती परत घेतली. डब्यातल्या बिस्किटाला लेबल नसतं. चार दिवसांनी घरी आलेली मावशी तो डबा नातवापुढे सहज धरेल. आम्ही पाकिटावरची यादी कापून डब्याला चिकटवली आणि वर मराठीत मोठ्या अक्षरांत नातवाचं नाव आणि 'नाही' असं लिहिलं. पुढच्या खेपेला तीच बिस्किटं आली तरी यादी पुन्हा वाचायची, हेही ठरलं. वेष्टन तेच राहतं आणि आतली कृती बदलते, असं होतं.

शिजवण्याची सूचना

मे महिन्यात आजी तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेल्या. जाताना वहीत त्यांनी शब्द उतरवून घेतले होते. मी एक शब्द वाढवून दिला: 'डुर्खएरहित्सेन'. एर्हित्सेन म्हणजे तापवणं, डुर्ख म्हणजे आरपार. पदार्थ आतपर्यंत गरम करा. त्याच्याआधी बहुधा 'फोर डेम फरत्सेर', म्हणजे खाण्यापूर्वी, असं असतं.

हा शब्द गोठवलेल्या भाज्यांवर दिसतो, आणि तिथंच आपण चुकतो. गोठवलेले मक्याचे दाणे पिवळेधमक, मऊ, शिजल्यासारखे दिसतात. पाण्यात सोडले, निथळले, कोशिंबिरीत घातले, असं सहज होतं. पण गोठवण्याआधी त्यांना फक्त गरम पाण्याची धग दिलेली असते. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. 2015 पासून युरोपात याच जंतूचे रुग्ण इकडे तिकडे सापडत होते. 2018 च्या जूनपर्यंत पाच देशांत 47 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले 9 दगावले. माग काढत तपास गोठवलेल्या मक्यापर्यंत आणि इतर गोठवलेल्या भाज्यांपर्यंत पोचला. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसं यांना हा जंतू सर्वांत जड जातो. आरपार गरम म्हणजे किती? दाण्याच्या आत 70 अंश तापमान दोन मिनिटं टिकलं पाहिजे. घरच्या भाषेत, पाण्याला उकळी फुटल्यावर दाणे टाकायचे, पुन्हा उकळी येऊ द्यायची आणि मग दोन-तीन मिनिटं ठेवायचे.

जूनमध्ये एकदा आजींचा फोन आला. तिथं त्यांची सून सात महिन्यांची गरोदर आहे. "अगं, मक्याची कोशिंबीर करत होते," त्या म्हणाल्या, "पाकिटावर तुझा तो आरपारवाला शब्द आहे. मग दाणे उकळायला ठेवले. बरोबर ना?"

"बरोबर, आजी," मी म्हटलं. "दही मात्र दाणे गार झाल्यावर घाला."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)